पडताळा आला, तरी उत्तर चूक

गेल्या सत्रात एस.वाय.च्या चाचणीचे पेपर तपासत होतो. प्रश्न नेहमीचाच होता. जॉइंट डेन्सिटी f(x, y) = 8xy, जिथे 0 < x < y < 1. दोन्ही मार्जिनल काढा.

बऱ्याच जणांनी X ची मार्जिनल काढताना y ला सरळ 0 ते 1 फिरवलं आणि 4x लिहून मोकळे झाले. ही चूक लगेच सापडते, कारण 4x चं 0 ते 1 इंटिग्रल 2 येतं. वर्गात मी घोकूनच घेतलं होतं, की आलेलं उत्तर पुन्हा इंटिग्रेट करा, 1 आलं पाहिजे.

एका मुलीने y ला 0 ते x फिरवलं होतं. उत्तर 4x³, आणि खाली ठसठशीत 'पडताळा: एकूण 1'. मीही घाईत बरोबरची खूण करून टाकली. पुढे Y ची मार्जिनल 4y³, तीही बरोबर. मग पेन थबकलं. दोन्ही सारख्या कशा?

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. "सर, पडताळा आलाय की!" यावर काय बोलणार? पडताळ्याचा मंत्र माझाच.

फळ्यावर (0, 0), (0, 1), (1, 1) असा त्रिकोण काढला. म्हटलं, "x = 0.9 वर उभी रेघ मार. त्रिकोणात कुठे शिरते?"

"y = 0.9 ला. बाहेर पडते 1 ला."

"आणि तू कुठला तुकडा घेतलास?"

तिने खडूने 0 ते 0.9 गिरवला आणि गप्प झाली. तो अख्खा तुकडा त्रिकोणाबाहेर, जिथे डेन्सिटी शून्य. मग तिनेच x ते 1 घेऊन 4x(1 − x²) काढलं. याचंही एकूण 1 येतं. पण 0.9 ला याची किंमत 0.684, तर तिच्या आधीच्या उत्तराची 2.916.

पडताळ्याने दगा का दिला? 8xy मध्ये x आणि y ची अदलाबदल केली तरी काही बदलत नाही, म्हणून कर्णाखालच्या त्रिकोणावरही एकूण 1 च भरतं. तिने त्या दुसऱ्या त्रिकोणाचं गणित बिनचूक सोडवलं होतं. हाच प्रश्न f = 3y घेऊन दिला असता, तर 0 ते x लिमिटने 3x²/2 आलं असतं, त्याचं एकूण अर्धं, आणि चूक तिथेच उघडी पडली असती. प्रश्न निवडताना हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

निघताना ती दारात थांबली. "सर, माझ्या उत्तराने दोघांचीही सरासरी 4/5 आली असती ना? X तर कायम Y पेक्षा लहान आहे."

खरी E(X) 8/15 येते. ती तिने तिथेच उभ्याउभ्या वहीत काढली. पेपरातली बरोबरची खूण मात्र मला खोडावीच लागली.