सेफ मोडमध्ये कॅमेरा चालला, म्हणून काय झालं?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या मालकांचा मोबाइल आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आला. अँड्रॉइड ११. कॅमेरा उघडला की काळा पडदा, थोड्या वेळाने ‘Camera failed’ आणि ॲप बंद. दुसऱ्या एका दुकानात कॅशे साफ करून दिला होता. अर्धा दिवस चाललं, मग पुन्हा तेच. तिथल्या कारागिराने शेवटी कॅमेरा बदलायला सांगितला होता. आपल्या धंद्यात हे फार चालतं, कळेना की पार्ट बदला.

पार्ट गेला असता तर सहसा मागचा किंवा पुढचा, एकच कॅमेरा बंद पडतो. इथे दोन्ही काळे होते आणि टॉर्चही लागत नव्हता. टॉर्चचा दिवा कॅमेऱ्याच्याच ताब्यात असतो. म्हणजे कॅमेरा दुसऱ्या कुठल्यातरी ॲपने आधीच धरून ठेवला असावा. अँड्रॉइड १२ असतं तर कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्याने सांगितलं असतं. इथे ती सोय नाही.

तरी क्रमाने गेलो. सेटिंग, ॲप्स, कॅमेरा, मग ‘Force stop’ आणि स्टोरेजमध्ये ‘Clear cache’. फोटो जात नाहीत, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. काहीच फरक पडला नाही. मग पॉवर बटण दाबून पडद्यावरच्या ‘Power off’ वर बोट धरून ठेवलं आणि सेफ मोडला होकार दिला. त्यात आपण टाकलेली ॲप्स बंद राहतात. खाली डाव्या कोपऱ्यात ‘Safe mode’ दिसलं, कॅमेरा झकास उघडला.

इथेच बरेचजण फसतात. सेफ मोडमध्ये जाताना फोन रीस्टार्ट होतो, आणि हा फोन नुसत्या रीस्टार्टनेही सुधारत होता. आधीच्या दुकानातही कॅशेसोबत रीस्टार्ट केलेला, श्रेय मिळालं कॅशेला. मग नेमकं बिघडतं कधी? मालक म्हणाले, “कारखान्यातनं आलो की बंदच असतंय बघा.”

साधा रीस्टार्ट केला, कॅमेरा चालू. दुकानातून त्यांना कॉल लावला, तर फ्लॅश लुकलुकला. कॉल कापला, कॅमेरा काळा. सेफ मोडमध्ये तोच कॉल लावला, फ्लॅश गप्प, कॅमेरा ठीक. आता पुरावा झाला.

मागांच्या खडखडाटात रिंग ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी कॉल आल्यावर फ्लॅश लुकलुकवणारं ॲप टाकलं होतं. असली जुन्या पद्धतीची ॲप्स दिव्यासाठी अख्खा कॅमेरा उघडतात. हे ॲप कॉल संपल्यावर कॅमेरा सोडतच नव्हतं. आधी त्याची कॅमेऱ्याची परवानगी काढून पाहिली, कॅमेरा लगेच मोकळा झाला. मग ॲपच काढलं.

लुकलुकणं त्यांना हवंच होतं. त्यांच्या फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये फ्लॅश नोटिफिकेशन होतं, ते चालू केलं. पुन्हा कॉल, पुन्हा कॅमेरा. या वेळी दोन्ही चालले.