बूट आधी उलटा करून बघा

"रोज ऑफिसला घालायला फॉर्मल बूट घ्यायचेत. लेदर कुठलं, सोल कसला आणि पुढे सोल बदलून कोण देतं?"

बूट पायात घालण्याआधी मी तो उलटा करतो. ही सवय मला एका जुलैनं लावली. लग्नात घेतलेले बूट दोन-तीन वर्षं खोक्यात पडून होते. ते घालून निघालो आणि शिवाजीनगरला बसमधून उतरेपर्यंत सोलचा भुगा झाला. वरचं चामडं मात्र नवंकोरं! तो सोल पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा होता. हवेतल्या दमटपणानं पीयू आतून तुटत जातो, बूट वापरा किंवा न वापरा. शिवाय सोल नुसता चिकटवलेला. कोपऱ्यावरचे दुरुस्तीवाले काका म्हणाले, "साहेब, नवा चिकटवतो, पण किती टिकेल सांगत नाही."

सोल पुढे बदलता यावा असं वाटत असेल, तर गुडइयर वेल्ट बांधणीचा बूट बघा. या बांधणीत वरचं चामडं, आतला इनसोल आणि कडेनं फिरणारी चामड्याची पट्टी आधी एकत्र शिवतात. ती पट्टी म्हणजे वेल्ट. सोल शिवला जातो तो या पट्टीला, त्यामुळे झिजलेला सोल उसवून नवा लावताना वरच्या चामड्याला सुई लागत नाही. पण कडेला टाके दिसले की हुरळून जाऊ नका. चिकटवलेल्या बुटावरही शोभेची शिलाई असते. वरचे टाके खाली सोलच्या खाचेत निघालेले दिसले तर निम्मं काम झालं. खाच झाकलेली असेल तर दुकानदाराला सरळ विचारा. पुण्याच्या पावसासाठी मी वेल्टला शिवलेला रबरी सोलच घेतो. चामड्याचा सोल ओल्या फरशीवर घसरतो.

लेदरमध्ये फुल ग्रेन घ्या, म्हणजे वरचा पृष्ठभाग न घासलेलं चामडं. आरशासारखं चकचकीत, डाग नसलेलं चामडं बहुतेकदा घासून वर थर दिलेलं असतं. वाकतं तिथे काही महिन्यांत तो थर तडकतो आणि पॉलिशनं भरत नाही. दुकानातच पुढचा भाग हलका वाकवा. फुल ग्रेनवर बारीक सुरकुत्या पडतात, जवळून बघितलं तर रंध्रं दिसतात. (बाइकवाल्यांसाठी: डाव्या बुटाचं नाक गिअर खातो. मी ऑफिसात पोचून बूट बदलतो.)

आता ब्रँड. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनची क्रॉकेट अँड जोन्स स्वतःच्या कारखान्यात, मूळ साच्यावर चढवून नवा सोल घालून देते. पण इथून कुरिअर करायचं म्हटलं तर खिसा आधीच झिजेल. आपल्याकडे चेन्नईची ब्रिडलेन वेल्टचे बूट बनवते. कुठलाही ब्रँड घ्या, सोल बदलून मिळेल का आणि किती रुपयांत, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर हातशिलाई करणारा कारागीर आधी शोधून ठेवा.

आणि टाचेचं रबर झिजून वरच्या थरापर्यंत पोचायच्या आत बदला. काका ते उभ्या उभ्या करून देतात.