पेपर मराठीत उतरवायला चार दिवस कशाला?

"मॅडम, पेपर इंग्रजीत तयारच आहे, मराठीत उतरवायला दोन तास पुरे की. तुम्हाला चार दिवस कशाला लागतात?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आणि तुम्ही एकटेच नाहीत, आमच्या तालुक्यात सराव परीक्षेचा पेपर निघायचा म्हटलं की दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच.

आठवीला आमच्याकडे दोन तुकड्या. एक सेमीची, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, दुसरी पूर्ण मराठी. परभणी जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांत असंच आहे. पेपर दोघांना एकच, मार्कांची यादीही एकच लागते, आणि त्या यादीवरून ठरतं की कोणाचा जादा तास घ्यायचा आणि कोणाला शिष्यवृत्तीच्या तयारीला बसवायचं. म्हणजे प्रश्न दोन्ही भाषांत सारखाच अवघड असला पाहिजे, नुसता अर्थ सारखा असून भागत नाही. हे मला सुरुवातीला कळत नव्हतं, माझ्याच हातून एक प्रश्न बिघडला तेव्हा कळलं, तो आधी सांगते.

इंग्रजीत प्रश्न असा होता: 'सेव्हन लेस दॅन ट्वाइस अ नंबर इज नाइन्टीन, फाइंड द नंबर.' मी मराठी केलं, 'एका संख्येच्या दुपटीतून ७ वजा केल्यास १९ उरतात, तर ती संख्या कोणती?' अर्थ अगदी बरोबर, उत्तर दोन्हीकडे १३, कोणीही तपासलं असतं तर टिक केली असती. पर्यायांत −6 पण होतं. पेपर तपासताना दिसलं की सेमीच्या बऱ्याच लेकरांनी −6 निवडलंय आणि मराठी तुकडीत एकानेही नाही. मी तर धरूनच चालले होते की सेमीची लेकरं गणितात जरा पुढं आहेत, मग हे काय?

एका मुलीला बोलावून फळ्यावर मांडायला लावलं. तिनं 7 − 2x = 19 लिहिलं. म्हणलं असं का गं, तर म्हणाली, "मॅडम, सात आधी आलाय ना, मग सात आधी लिहायलेय." बरोबरच होतं तिचं एका अर्थी. इंग्रजी वाक्यात ७ पहिला येतो आणि दुप्पट नंतर, पण समीकरण मात्र उलट, 2x − 7 = 19. लेकरू ज्या क्रमानं वाचतं त्याच क्रमानं मांडतं आणि तिथं फसतं, 7 − 2x = 19 सोडवलं की x = −6 येतंच, म्हणून तर तो पर्याय ठेवलेला. आणि माझ्या मराठी वाक्यात काय झालं, तर आधी दुप्पट आली, मग ७, मग १९, म्हणजे जसं वाचलं तसं लिहिलं की समीकरण तयार. वर मी 'वजा' आणि 'उरतात' असे दोन शब्द घातले, त्यांनी वजाबाकी करायचीय हेही सांगून टाकलं. इंग्रजीच्या लेकराला दोन पायऱ्या स्वतः चढायच्या होत्या आणि मराठीच्या लेकराला मी उचलून वर ठेवलं होतं.

मग हे सुधारायचं कसं, तर आधी ठरवावं लागतं की या प्रश्नातून आपल्याला तपासायचंय काय. समीकरण सोडवता येतं का एवढंच बघायचं असेल तर मराठीला हात न लावता इंग्रजीच बदलायचं: 'ट्वाइस अ नंबर, डिक्रीज्ड बाय सेव्हन, इज नाइन्टीन', आणि मराठीत 'एका संख्येची दुप्पट ७ ने कमी केली तर १९ मिळतात'. आता दोन्हीकडे क्रम एकच. पण वाक्यातला उलटा क्रम ओळखता येतो का हेच तपासायचं असेल तर इंग्रजी तसंच ठेवून मराठीत ७ पुढं आणायचा, '७ ही संख्या एका संख्येच्या दुपटीतून वजा केली तर १९ मिळतात'. मराठीत शब्द मागंपुढं करायला मोकळीक आहे, वाक्य थोडं जड होतं पण चुकत नाही, आणि सापळा दोन्हीकडे तोच राहतो. म्हणून मी पेपर काढणाऱ्या सरांना सांगून ठेवलंय की इंग्रजी छापायला देऊ नका, मराठी होईपर्यंत तेही कच्चंच समजा. सगळ्यात जास्त वाद याच्यावरच होतो, कारण मूळ पेपर बदलायचा म्हणजे त्यांना अपमान वाटतो. पण मूळ हलवायचं नाही असं ठरवलं की सगळा भार मराठीवर पडतो आणि तिथं वाक्यं वाकडी व्हायला लागतात.

विज्ञानात वेगळीच अडचण आहे. आपले पारिभाषिक शब्द संस्कृतातून बनवलेले, त्यामुळे शब्दच अर्थ सांगतो, शिकवताना हे फार चांगलं, पण परीक्षेत तोच शब्द उत्तर फोडतो. प्रश्न होता, म्हातारपणी डोळ्यांत कोणता दोष निर्माण होतो, आणि इंग्रजी पर्यायांत मायोपिया, हायपरमेट्रोपिया, प्रेसबायोपिया असे शब्द, पाठ केले असतील तरच येणार. मराठीत तेच झालं निकटदृष्टिता, दूरदृष्टिता आणि वृद्धदृष्टिता. आता सांगा, 'वृद्ध' वाचल्यावर कोणाचं चुकणार? समद्विभुज त्रिकोणाच्या किती बाजू समान असतात हा प्रश्न तर मराठीत प्रश्नच राहत नाही.

शब्द बदलता येत नाही, पाठ्यपुस्तकातलाच घ्यावा लागतो, नाहीतर लेकराला तो ओळखूच येणार नाही. मग प्रश्न बदलायचा. मी असं केलं: आजोबांना लांबचं नीट दिसतं पण पेपर वाचताना ते तो हात लांब करून धरतात, याचं कारण काय, आणि पर्यायांत दोषाची नावं न देता डोळ्यात काय होतं ते लिहिलं, म्हणजे भिंगाभोवतालच्या स्नायूंची भिंगाची जाडी बदलण्याची क्षमता कमी झाली, बुबुळावर अपारदर्शक पडदा आला, असं. दोन्ही भाषांत एकाच लांबीची साधी वाक्यं. आता ज्याला डोळा कळलाय त्यालाच येतं.

तिसरी गोष्ट बारीक आहे पण फार वेळा सापडते. 'खोलीच्या तापमानाला ____ द्रवरूप असतो.' पर्याय: तांबे, लोखंड, चांदी, पारा. विज्ञान न शिकलेलं लेकरूही 'असतो' बघून पारा लिहील, कारण ते तांबे, ते लोखंड, ती चांदी, आणि तो फक्त पारा. इंग्रजीत 'इज' म्हटलं की लिंगाचा पत्ताच नाही. इथं माझी सोय म्हणजे 'कोणत्या' हे रूप. 'कोणता, कोणती, कोणते' लिंग सांगतात, पण 'कोणत्या' तिन्हीला चालतं, म्हणून 'खालीलपैकी कोणत्या धातूची अवस्था खोलीच्या तापमानाला द्रव असते?' असं फिरवलं की झालं. रिकामी जागा भरा हा प्रकार मराठीत शक्यतो मी घेतच नाही.

आणि काही वेळा तर अर्थच जातो. वर्तुळात एकसमान चालीने फिरणाऱ्या वस्तूचं काय बदलतं, तर वेग, कारण दिशा बदलते. इंग्रजीत स्पीड आणि व्हेलॉसिटी असे दोन शब्द, पुस्तकात चाल आणि वेग. पण रस्त्यावरच्या पाटीवर वेगमर्यादा, बोलण्यात गाडीचा वेग, त्यामुळे घाईत स्पीडचंही वेग होतं आणि मग प्रश्न बनतो, 'एकसमान वेगाने वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूचं काय बदलतं?' असं काही असूच शकत नाही, आणि ज्याला विषय नीट येतो तेच लेकरू इथं अडकून बसतं, बाकीचे वेग लिहून पुढं जातात.

आता चार दिवस कुठं जातात ते. पहिल्या दिवशी मराठी करते. दुसऱ्या दिवशी ते अशा शिक्षकाला देते ज्यांनी इंग्रजी बघितलेलं नाही, ते परत इंग्रजीत आणतात आणि आम्ही मूळ इंग्रजीशी लावून बघतो. यात स्पीड-वेगसारखी चूक लगेच पकडली जाते, कारण परत येताना व्हेलॉसिटी येतं. पण फुटलेलं उत्तर यात कधीच सापडत नाही, वृद्धदृष्टिताचं परत प्रेसबायोपिया होतं आणि सगळं छान दिसतं. म्हणून तिसऱ्या दिवशी पेपर मराठी विषय शिकवणाऱ्या आमच्या मॅडमकडे जातो. त्यांना म्हणते, विज्ञान विसरा, फक्त भाषा बघून खुणा करा. चार पर्यायांत नुसत्या अंदाजानं चारातला एक बरोबर येतो, त्याहून बरेच जास्त आले तर समजायचं की भाषा बोलतेय. पारा आणि वृद्धदृष्टिता दोन्ही त्यांनीच पकडले होते. चौथा दिवस सरांशी भांडण्यात, म्हणजे इंग्रजी बदलण्यात.

परीक्षा झाल्यावरही एक काम उरतं आणि ते मी सोडत नाही. दोन तुकड्यांचे मार्क सरळ लावून बघण्यात अर्थ नाही, तुकड्याच वेगळ्या आहेत. मी प्रत्येक तुकडीसाठी प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावते, किती जणांना आला त्यावरून. दोन्ही याद्या साधारण जुळतात. एखादा प्रश्न मराठीत तिसऱ्या नंबरवर आणि सेमीत सतराव्यावर दिसला की तो प्रश्न परत वाचायचा. चाळीस लेकरांत पाच-सहा जणांचा फरक योगायोगानंही पडतो, त्यामुळे नुसत्या नंबरवर विश्वास ठेवत नाही, चुकणारे कोणत्या पर्यायावर गेलेत ते बघते. सगळे एकाच चुकीच्या पर्यायावर गेले आणि दुसऱ्या भाषेत तिथं कोणीच नाही, तर दोष बहुतेक वाक्यात असतो. त्या −6 चं असंच कळलं होतं. मग तो प्रश्न आम्ही दोन्ही तुकड्यांच्या बेरजेतून काढला आणि यादी परत लावली, आणि जादा तासाच्या यादीतून सेमीच्या दोन मुली बाहेर पडल्या.

कोणी म्हणेल सराव परीक्षाच तर आहे. पण हीच लेकरं पुढं लातूर-नांदेडला नीटच्या क्लासला जाणार. मराठी घेतलं की तिथं पुस्तिकेत इंग्रजी पण छापलेलं असतं, आणि भाषांतरात संदिग्धता असली तर इंग्रजीच अंतिम, असा नियम माहितीपत्रकातच आहे. म्हणून आठवीच्या मराठी तुकडीला मी आत्तापासून एक सवय लावतेय, चाल-वेग, वजन-वस्तुमान, कार्य-ऊर्जा अशा जोड्या वहीत लिहायच्या आणि समोर इंग्रजी शब्द देवनागरीत, स्पीड, व्हेलॉसिटी, वेट, मास. परवा एकानं वही दाखवली तर त्यानं वेगमर्यादाची पाटी काढून खाली लिहिलं होतं, 'ही खरं तर चालमर्यादा.'