सहा रिमाइंडर आणि एक नोटीस

सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनचं काम होतं. डिझाइन मालकाच्या कन्सल्टंटकडे, बांधकाम आमच्याकडे, आणि कंत्राट फिडिकच्या १९९९ च्या रेड बुकवर, म्हणजे बांधकाम कंत्राटांच्या आंतरराष्ट्रीय छापील अटींवर. मी साइटवर प्लॅनिंग बघायचो. विहिरीचा राफ्ट, म्हणजे तळाचा स्लॅब, डिसेंबर २०२२ मध्ये ओतून झाला, पण भिंतींच्या सळईचं ड्रॉइंग काही हातात पडेना. नऊ मीटर खोल खड्डा, खालून झिरपणारं पाणी, ते उपसायला रात्रंदिवस दोन पंप. राफ्टमधून वर आलेल्या सळया गंजायला लागल्या म्हणून त्यांना सिमेंटची स्लरी फासून ठेवली होती.

मंजूर प्रोग्रामप्रमाणे ड्रॉइंग १६ जानेवारीला मिळायला हवं होतं. ड्रॉइंग आल्यावर बार बेंडिंग शेड्यूल काढायला आणि सळई कापून वाकवायला १४ दिवस, म्हणजे ३० जानेवारीला भिंतीची सळई उभी राहायला लागली असती. जानेवारीअखेर माझे कन्सल्टंटच्या डिझाइनरला सहा ईमेल गेले होते. ‘कृपया ड्रॉइंग लवकरात लवकर पाठवावे, साइटवर काम खोळंबले आहे.’ मी आपला खुशीत, कारण रेकॉर्ड तयार होतंय.

८ फेब्रुवारीला हेड ऑफिसहून कॉन्ट्रॅक्ट्सच्या मॅडम आल्या. सहाही ईमेल त्यांनी वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “अरे, यात तू सहा वेळा विनंती केलीस. नोटीस एकदाही दिलेली नाहीस. आज कितवा दिवस?”

मी बोटं मोजली. १६ जानेवारीपासून तेविसावा.

“म्हणजे पाच उरलेत.”

आमच्या कंत्राटातलं २०.१ कलम सांगतं की क्लेम ज्या घटनेवरून उभा राहतो ती कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांत इंजिनियरला, म्हणजे कन्सल्टंटतर्फे क्लेमवर निर्णय देणाऱ्याला, नोटीस द्यायची. ती चुकली तर मुदतवाढही नाही आणि पैसेही नाहीत. भारतात करार कायद्याच्या कलम २८ चा आधार घेऊन या अटीविरुद्ध भांडता येतं, पण ते लवादापुढे, काही वर्षांनी. माझा समज असा होता की ड्रॉइंग आल्यावर एकूण किती उशीर झाला ते मोजायचं आणि मग लिहायचं. उलट, ड्रॉइंग न येणं हीच घटना. ते ठरल्या तारखेला आलं नाही त्या दिवशीच घड्याळ सुरू झालं. १३ फेब्रुवारी हा शेवटचा दिवस.

दुसरी भानगड कलम १.९ ची. उशिरा आलेल्या ड्रॉइंगचं कलम हेच, आणि ते दोन पायऱ्यांचं आहे. ड्रॉइंग उशिरा येण्याची शक्यता दिसली की आधीच एक नोटीस द्यायची. तीत कोणतं ड्रॉइंग, ते का हवं, कधीपर्यंत हवं, आणि आलं नाही तर कोणत्या प्रकारचा आणि साधारण किती उशीर होईल, एवढं लिहायचं. त्या तारखेपर्यंत ड्रॉइंग आलं नाही की दुसरी नोटीस. पहिली नसेल तर दुसरीला पायाच नाही.

इथे मी नशिबाने वाचलो. २६ डिसेंबरला मी इंजिनियरला एक साधं पत्र पाठवलं होतं. त्यात हव्या असलेल्या १४ ड्रॉइंगांचा तक्ता होता: प्रत्येकाचा नंबर, हवी ती तारीख आणि प्रोग्राममधल्या कामाचा नंबर. सोबत प्रोग्रामचं पान जोडलं होतं. किती उशीर होईल ते शब्दांत कुठेच नव्हतं, पण जोडलेल्या पानावर भिंतींच्या कामाची पट्टी आणि त्यामागून येणारी कामं दिसत होती. “लंगडं आहे, पण चालेल,” मॅडम म्हणाल्या.

त्या रात्री मी मसुदा केला. इंजिनियरशी पत्रव्यवहार इंग्रजीत असतो, इथे मी मराठीत सांगतो. माझं पहिलं वाक्य होतं, ‘कन्सल्टंटच्या हलगर्जीपणामुळे आमचे प्रचंड नुकसान होत असून ३० दिवसांची मुदतवाढ मंजूर करावी ही नम्र विनंती.’ मॅडमनी लाल पेन काढलं. ‘हलगर्जीपणा’ गेला, कारण कलमाला कोणाचा दोष सिद्ध झालेला नको आहे, ड्रॉइंग वाजवी वेळेत आलं नाही एवढं पुरतं. ज्या इंजिनियरने निर्णय द्यायचा त्याच्यावरच शिक्का मारला की तो निर्णय देण्याआधी बचाव लिहायला बसतो. ‘प्रचंड’ गेलं. ‘विनंती’ गेली. आणि ‘३० दिवस’सुद्धा. मला ते कळेना, आकडा नको कसा? “अजून ड्रॉइंग आलेलं नाही. आज तीस लिहिलंस आणि पन्नास झाले तर तुझंच पत्र तुझ्यासमोर धरतील. नोटिशीत घटना सांगायची असते, आकडा क्लेममध्ये.”

शेवटी जे गेलं त्याचा गाभा असा होता:

‘विषय: उपकलम १.९ खालील पुढील नोटीस आणि उपकलम २०.१ खालील क्लेमची नोटीस: विहिरीच्या भिंतींच्या सळईचे ड्रॉइंग. आमच्या २६ डिसेंबर २०२२ च्या पत्रान्वये सदर ड्रॉइंग १६ जानेवारी २०२३ पर्यंत आवश्यक असल्याचे कळवले होते. ते आजपर्यंत मिळालेले नाही. त्यामुळे भिंतींच्या सळईचे काम ३० जानेवारीला सुरू होऊ शकले नाही आणि ही परिस्थिती चालू आहे. उपकलम ८.४ नुसार मुदतवाढ आणि उपकलम १.९ नुसार खर्च व वाजवी नफा यांस आम्ही पात्र आहोत असे आम्ही मानतो. तपशीलवार क्लेम उपकलम २०.१ प्रमाणे सादर करू. संबंधित नोंदी साइटवर ठेवल्या असून आपण त्या केव्हाही तपासू शकता.’

अर्ध्या पानाचं पत्र. ‘नोटीस’ हा शब्द आणि कलमांचे नंबर विषयातच, म्हणजे वाचणाऱ्याला हे रिमाइंडर वाटू नये. छताच्या स्लॅबचं ड्रॉइंगही रेंगाळणार हे दिसत होतं, म्हणून त्यासाठी वेगळी, पहिल्या पायरीची नोटीस त्याच दिवशी, आणि या वेळी उशिराच्या अंदाजासकट.

९ तारखेला पत्र घेऊन मी स्वतः गेलो. ईमेलने भागत नव्हतं, कारण टेंडरच्या परिशिष्टात इलेक्ट्रॉनिक पद्धत मान्य केलेली नव्हती, आणि माझे सहा ईमेल तर इंजिनियरला नव्हे, डिझाइनरला होते. आवक टेबलावरचे भाऊ म्हणाले, “ठेवा, उद्या शिक्का मारतो.” मी तिथेच खुर्ची ओढून बसलो. पाऊण तासाने आवक नंबर, तारीख आणि सही असलेली पोचप्रत हातात आली.

पुढचं वेळापत्रकही १६ जानेवारीपासूनच मोजायचं होतं. तपशीलवार क्लेम ४२ दिवसांत, म्हणजे २७ फेब्रुवारीपर्यंत (२०१७ च्या आवृत्तीत याचे ८४ दिवस झालेत). ड्रॉइंग तोवर आलेलंच नव्हतं. पण घटनेचा परिणाम चालू असेल तर तो क्लेम अंतरिम धरला जातो, मग दर महिन्याला पुढचा अंतरिम, आणि परिणाम संपल्यापासून २८ दिवसांत अंतिम. २४ फेब्रुवारीला आम्ही पहिला अंतरिम दिला.

ड्रॉइंग आलं ६ मार्चला, शिमग्याच्या गडबडीत. रोल उलगडला तर कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये तारीख २२ फेब्रुवारी. १२ दिवसांचा फरक! मी ट्रान्समिटलच्या कागदावर आमचा आवक शिक्का मारून, त्यांच्या माणसाची सही घेऊन ड्रॉइंग रजिस्टरला नोंद केली. पुढे कन्सल्टंटने खरोखरच २२ फेब्रुवारीपासून मोजणी केली, आणि तो मुद्दा त्या एका कागदावर मिटला. ड्रॉइंगवर वरच्या भागातल्या पाइपांच्या ओपनिंगभोवती ‘होल्ड’चा ढग काढलेला होता, म्हणजे तेवढा भाग अजून पक्का नव्हता. ढग उठेपर्यंतचे दिवसही धरावेत असा मोह झाला, पण पहिल्या लिफ्टमध्ये, म्हणजे भिंतीच्या आधी ओतायच्या खालच्या टप्प्यात, एकही ओपनिंग नव्हतं. काम सुरू करता येत होतं, आणि २० मार्चला आम्ही ते सुरू केलं.

३० जानेवारीऐवजी २० मार्च, म्हणजे ४९ दिवस. मी तेवढेच मागायला निघालो होतो. पण ८.४ खाली मुदतवाढ मिळते ती काम पूर्ण होण्याची तारीख जितकी ढकलली जाते तितकीच. म्हणून प्रोग्राम आधी १५ जानेवारीपर्यंतच्या खऱ्या प्रगतीने अपडेट केला. त्यात भिंतींना ११ दिवसांचा फ्लोट दिसला, म्हणजे तेवढ्या उशिराने शेवटची तारीख हलत नव्हती, कारण तेव्हा पूर्णत्वाची तारीख पंप येण्याच्या साखळीवर अडकलेली होती. मग ड्रॉइंगच्या ओळीत ४९ दिवसांचा उशीर घातला. शेवटची तारीख ३८ दिवसांनी सरकली. अंतिम क्लेममध्ये आकडा गेला ३८. तो आम्ही १२ एप्रिलला दिला, मुदत १७ ची होती.

कन्सल्टंटचं उत्तर आलं की उशीर तुमचाच. पंपाची माहिती तुम्ही ९ डिसेंबरला द्यायची होती, दिलीत १७ ला, त्यावाचून ओपनिंग ठरत नव्हती. हे खरं होतं, आणि १.९ मध्ये तसा अपवाद आहेच: ड्रॉइंगचा उशीर जितका कंत्राटदाराच्या चुकीमुळे किंवा त्याच्या कागदपत्रांच्या उशिरामुळे झाला, तितका मिळत नाही. मला ते लपवावंसं वाटलं होतं. मॅडमनी मात्र अंतिम क्लेममध्येच दोन्ही तारखा लिहून ठेवल्या होत्या आणि पुढे जोडलं होतं की १७ डिसेंबरनंतरही कन्सल्टंटच्या हातात ३० दिवस होते. त्यामुळे वाद फक्त त्या ८ दिवसांपुरता राहिला.

२२ मे रोजी इंजिनियरचा निर्णय आला: ३८ वजा ८, मुदतवाढ ३० दिवस. ते ८ दिवस कन्सल्टंटने १७ डिसेंबरनंतरच्या आपल्या ३० दिवसांत सामावून घ्यायला हवे होते असं मला अजूनही वाटतं. मॅडमनी मात्र ‘सोड’ म्हणून फाइल बंद केली.

पैशाच्या भागात पाणी उपशाचं डिझेल होतं. पंप ऑपरेटरने एका शंभर पानी वहीत रोज पंपाचे तास आणि डिझेलचे लिटर लिहिले होते, पानांवर ग्रीसचे डाग, खाली त्याची सही. इंजिनियरच्या माणसाने ती वही तीन तास बसून तपासली आणि ३० दिवसांमधल्या जितक्या दिवसांच्या नोंदी सापडल्या तितकं डिझेल मान्य केलं. ऑपरेटर गावच्या जत्रेला गेला होता त्या चार दिवसांची पानं कोरी होती. बदली आलेल्या मुलाला वही कुठे आहे हे मी सांगितलंच नव्हतं.