दोनदा तोललेली गाडी

चाकणच्या एका कारखान्यात नव्याने रुजू होणाऱ्या प्रशिक्षणार्थींना बोलण्याचा सराव देण्यासाठी मला दोन दिवस बोलावले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी विभागप्रमुखांसमोर प्रत्येकाने नव्वद सेकंदांत स्वतःची ओळख करून द्यायची होती. पहिल्या दिवशीच्या सरावात चोवीस जणांपैकी अकरा जणांनी ‘तुम्ही कधी विचार केला आहे का’ किंवा त्याच्याच जवळपासच्या प्रश्नाने सुरुवात केली. पहिल्या दोघांच्या वेळी मी ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहत होते. प्रश्न आला की क्षणभर सगळे गोंधळत, कारण उत्तर द्यायचे की गप्प बसायचे हे कुणालाच कळत नसे. बोलणारा मात्र उत्तराची वाट न पाहता पुढे जाई आणि आपल्याला विचारले ते खरे नव्हते, हे त्यांच्या लक्षात येई. पाचव्यापासून कुणी मान वर करणेही सोडून दिले.

ओळखीच्या फेरीत ही अडचण अधिकच बोचते, कारण समोरचा प्रत्येकजण मनात स्वतःचे वाक्य घोळवत असतो. मानसशास्त्रज्ञ ब्रेनर यांनी 1973 साली एकत्र बसलेल्या लोकांना आळीपाळीने शब्द मोठ्याने वाचायला लावले, तेव्हा आपल्या पाळीच्या अगदी आधी उच्चारलेले शब्द लोकांना सर्वांत कमी आठवले. अशा अर्धवट लक्ष असलेल्या माणसाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक काम टाकणे होय. मला मुलांना सांगायचे होते ते एवढेच, की प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात उगवला पाहिजे आणि बोलणाऱ्याने फक्त त्याला जागा करून दिली पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या एका मुलीचे उदाहरण मी सर्वांसमोर घेतले. मोजमापाची उपकरणे तपासण्याच्या विभागात तिची नेमणूक झाली होती आणि तिची सुरुवात होती, ‘अचूकता किती महत्त्वाची असते, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का?’ हे वाक्य तिच्या शेजारी बसलेल्या मुलानेही जसेच्या तसे म्हणता आले असते, आणि तोच त्याचा दोष होता. मी तिला विचारले, “तुझ्या घरात मोजमापाशी कुणाचा संबंध आहे?” ती थोडी संकोचून म्हणाली, “मॅडम, वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहेत, पण ते काय सांगायचं?” मग गाळपाच्या हंगामात काट्यावर नेमके काय चालते, ते मी तिला सांगू दिले. ती पाच मिनिटे बोलत होती आणि त्या वेळी खोलीत कुणीही हातातल्या कागदाकडे पाहिले नाही.

त्या पाच मिनिटांतून आम्ही एकच वाक्य उचलले: ‘आमच्या गावच्या कारखान्यावर उसाच्या प्रत्येक गाडीचं वजन दोनदा होतं.’ हे विधान साधे, खरे आणि अपुरे आहे. दोनदा का, हे ऐकणाऱ्यालाच विचारावेसे वाटते. पहिल्या प्रयत्नात तिने त्याआधी गाव, तालुका आणि नदी यांचे वर्णन जोडले, तेव्हा विधानातला ताणच गेला. दुसऱ्या वेळी तिने उत्तर इतक्या घाईने दिले, की प्रश्न उगवायला अवसरच मिळाला नाही. तिसऱ्या वेळी मी तिला त्या वाक्यानंतर मनात दोन अंक मोजून थांबायला सांगितले. नावही पहिल्या वीस सेकंदांत आले पाहिजे, असा माझा आग्रह होता, कारण त्याहून उशीर झाला की लोक गोष्ट ऐकतात, पण ती कुणाची हे त्यांना कळत नाही. आणखी एक अट मी तिच्यापुढे ठेवली, ती म्हणजे ही सुरुवात तिच्या कामापर्यंत पोहोचली पाहिजे. नाहीतर ती नुसती चमत्कृती ठरली असती.

दुसऱ्या दिवशी तिची पाळी सतरावी होती. ती म्हणाली, “आमच्या गावच्या कारखान्यावर उसाच्या प्रत्येक गाडीचं वजन दोनदा होतं.” ती थांबली, आणि मागच्या रांगेत चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. “एकदा भरलेली आणि एकदा मोकळी. मधला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. माझे वडील सतरा वर्षं त्या काट्यावर बसतात, आणि काट्यावर शंका आली की वाद कसा पेटतो, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे.” मग तिने नाव सांगितले, शिक्षण दोन वाक्यांत आटोपले आणि आपण कोणत्या विभागात रुजू होत आहोत ते सांगितले.

ओळखीच्या फेरीत सहसा कुणी काही विचारत नाही. पण ती खाली बसायच्या आत टूलरूमचे एक ज्येष्ठ अभियंता म्हणाले, “बैलगाडी असेल, तर बैलही काट्यावर उभे असतात का?”

“दोन्ही वेळा तेच बैल असतात, सर,” ती म्हणाली, “म्हणून ते फरकात येत नाहीत.”