दादाचा कुर्ता आणि बदलून घ्यायची चिठ्ठी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

दादा-वहिनी सकाळी नाशिकला गेले. निघताना दादाच्या अंगात राखाडी कुर्ता होता, म्हणजे यंदाची भाऊबीज पावली म्हणायची. मी ओवाळून दिला तो कुर्ता मोतिया रंगाचा होता. तो काल लक्ष्मी रोडवर जाऊन बदलून आला. वहिनीला वाटलं मला वाईट वाटेल. मला उलट बरं वाटलं, कारण बदलून घेता यावा म्हणून मी खरेदीच्या वेळी जी काय खटपट केली होती, ती कामी आली.

दादाला चकाकणारं कापड चालत नाही. गळ्याशी भरतकाम चालत नाही. बाही दुमडता आली पाहिजे, आणि बाजूला दोन्ही खिसे नसतील तर त्याच्या लेखी तो कुर्ताच नव्हे. बरं, हे तो बोलून दाखवेल तर शपथ. ‘छान आहे’ म्हणतो, व्यवस्थित घडी घालतो, आणि पुढे तो कपडा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. असल्या माणसाला कपडा द्यायचा तर पसंतीचा अंदाज कितीही बांधला तरी चुकणारच हे धरून चालावं. म्हणून मी निदान माप तरी नीट घ्यायचं ठरवलं.

वहिनीला फोन केला तर ती पटकन म्हणाली, “बेचाळीस घालतो की.” मी विचारलं, “शर्ट की कुर्ता?” शर्ट. इथेच बरेच जण फसतात. आपल्याकडे तयार शर्टाच्या कॉलरवर जो ३९, ४०, ४२ आकडा असतो, तो गळ्याच्या मापाचा, सेंटिमीटरमध्ये. कुर्त्यावरचा ४२ मात्र छातीचा आणि इंचात. आकडा तोच, पण ४२ चा शर्ट घालणाऱ्या माणसाला कुर्ता साधारण ४४ चा लागतो. शिवाय कुर्त्यावरचा आकडा बहुतेक वेळा अंगाचा असतो, कापडाचा नव्हे. कापडात सैलपणासाठी वर तीन-चार इंच सोडलेले असतात, आणि किती सोडायचे हे प्रत्येक कंपनीचं निराळं.

तेव्हा वहिनीला सांगितलं, त्याचा नेहमीचा, धुऊन धुऊन मऊ झालेला बदामी कुर्ता पलंगावर पालथा पसर आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लाव. साडेतेवीस भरला. मागचा भाग धरून सत्तेचाळीस इंच. खांद्यापासून खालपर्यंत उंची एकेचाळीस. एवढे दोन आकडे घेऊन दुकानात गेले की लेबलकडे बघावंच लागत नाही, काउंटरवर कुर्ता पसरून आपलाच टेप लावायचा. ४२ चा तेवीस भरला, ४४ चा चोवीस. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटतं, उंचीला जरा जास्तच, म्हणून मी चोवीसचा घेतला. दुकानातला मुलगा माझ्याकडे शिंप्याची हेर असल्यासारखा बघत होता.

माप झालं. आता पसंतीचं काय? तिथे भिस्त बदलून घेण्यावरच.

दसरा २ तारखेला झाला, मी खरेदी केली ४ तारखेला, आणि भाऊबीज होती २३ ला. बिलाच्या तळाशी छापलेलं होतं: ‘१५ दिवसांत, बिल व टॅगसह, फक्त बदलून मिळेल.’ हे १५ दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे १९ ला मुदत संपली, आणि दादाच्या हातात कुर्ता पडणार त्यानंतर चार दिवसांनी. दसऱ्याच्या सुमारास भाऊबीजेची खरेदी उरकणाऱ्या प्रत्येकाचं हेच होतं. दसरा ते भाऊबीज तीन आठवड्यांचं अंतर असतं, त्यामुळे पंधरवड्याची मुदत वाट्यालाच येत नाही. त्यात दिवाळीच्या दिवसांत काही दुकानं बंद असतात, तेही धरायला हवं. मी पैसे देण्याआधीच मॅनेजरना म्हटलं, भाऊबीजेची भेट आहे, ३१ पर्यंत वाढवून द्या. त्यांनी बिलावर पेनाने ‘३१/१०’ लिहून सही-शिक्का केला. पैसे भरण्याआधी विचारलं की हे सहज होतं. नंतर विचारलं तर कुणी दाद देत नाही, आणि कायद्याचा धाकही घालता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये परत घ्यायला नकार देणं अनुचित ठरतं ते सदोष मालाबद्दल; बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस. रंग आवडला नाही, घट्ट झाला, हा दोष कपड्याचा नव्हे. तिथे दुकानदाराची मर्जी आणि बिलावर लिहिलेलं, एवढंच.

मग किमतीचा प्रश्न. न्यू जर्सीला माझी मावसबहीण असते. तिच्याकडे दुकानात नुसतं ‘गिफ्ट आहे’ म्हटलं की गिफ्ट रिसीट मिळते. त्यावर वस्तू असते, बारकोड असतो, किंमत नसते. ती चिठ्ठी खोक्यात टाकून द्यायची पद्धतच आहे, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. घेणाऱ्याने ती वस्तू परत केली तर त्याला बहुधा दुकानातच वापरायचे पैसे मिळतात. नाताळच्या आधी घेतलेल्या मालाची मुदतही कित्येक दुकानं जानेवारीपर्यंत वाढवतात. आपल्याकडे दिवाळीला असं काही का करत नाहीत, कोण जाणे. उलट सणाच्या सेलमधल्या मालावर ‘बदलून मिळणार नाही’ असा शिक्का असतो.

आपल्याकडे किंमत लपवायला लोक टॅगच कापून टाकतात. किंमत जाते, पण तिच्याबरोबर बारकोडही जातो, आणि टॅग नसलेला कपडा कुणी हातात घेत नाही. मी काउंटरवर किमतीच्या जागी पांढरी चिकटपट्टी लावून घेतली, बारकोड उघडा ठेवला. बिनकिमतीचं बिल संगणकातून निघत नाही म्हणाले. म्हणून दुकानाच्या कार्डामागे बिल नंबर, तारीख आणि ‘३१/१० पर्यंत बदलून द्यावे’ असं लिहून घेतलं, वर शिक्का. मूळ बिल माझ्याजवळ. त्याचा फोटोही लगेच काढला, कारण ते गुळगुळीत कागदावरचं बिल उन्हात किंवा पर्समध्ये राहिलं की अक्षरं उडून जातात. मोबाइल नंबर विचारला तेव्हा माझाच दिला. घेणाऱ्याचा दिला तर भाऊबीजेच्या आधीच त्याच्या फोनवर किमतीसकट बिल जाऊन पडायचं. आमच्याकडे एका लग्नाच्या आहेरात हे झालेलं आहे.

आधी मी मॉलमध्येही बघून आले होते. तिथे ‘दोनवर एक मोफत’ चालू होतं, १८०० चे तीन कुर्ते ३६०० ला. मोह होण्यासारखंच. पण अशा बिलात तिसरा कुर्ता शून्य रुपयांना लागत नाही, सूट तिन्हींवर सारखी वाटली जाते आणि प्रत्येकी १२०० लागतात. दादा टॅगवर १८०० वाचून बदलायला गेला असता, तर त्याच्या पदरात १२०० पडले असते. काही ठिकाणी तर तिन्ही एकदम परत आणा म्हणतात. एक दादाला, एक नवऱ्याला, एक भाच्याला वाटून झाल्यावर ते कसे गोळा करायचे? कुणाला भेट द्यायचा कपडा मी तरी असल्या योजनेत घेत नाही. स्वतःसाठी घ्यायला हरकत नाही.

भाऊबीजेला ओवाळलं, कुर्ता दिला. दादाने उलगडला, खांद्याला लावून बघितला, म्हणाला, “छान आहे.” घडी घातली. कार्ड मी त्याच्या हातात दिलंच नाही, स्वयंपाकघरात वहिनीला दिलं. दादा स्वतः कधी दुकानात जाऊन ‘बहिणीने दिलेला बदलून द्या’ म्हणणार नाही. त्याला ते अपमानासारखं वाटतं, माझ्या नव्हे, स्वतःच्या. वहिनी म्हणाली, “मोतिया डाग धरतो म्हणेल बघ. चहा सांडतो ना सारखा.” रात्री तिने त्याला घालायला लावला. माप बरोबर बसलं, बाही दुमडली, खिसे पास झाले. रंगावर गाडी अडली. अंगावर घालून बघेपर्यंत ठीक असतं. कॉलरला पावडर किंवा अत्तराचा वास लागला की मात्र दुकानातला माणूस हुंगूनच परत करतो, हे वहिनीला आधीच सांगून ठेवलं होतं.

काल दोघं कार्ड घेऊन गेले. तेच माप, राखाडी. मोतिया १८९० चा होता, राखाडी १६५० चा निघाला. शेवटी किंमत कळलीच, त्याला इलाज नाही. उरलेले २४० रोख देत नाहीत, त्यांची चिठ्ठी करून देतात, आणि ती माझ्या नंबरवर असल्यामुळे ओटीपी मला आला. मी नेमकी चकल्या तळत होते, तेलाच्या हातानेच फोन उचलून आकडे सांगितले. दादा नाशिकचा, दुकान पुण्याचं, तेव्हा तो इथे असतानाच हे उरकणं भाग होतं. नाशिकला त्या दुकानाची शाखा नाही. असती तरी आधी विचारून घेतलं असतं, कारण नाव एक असलं तरी शाखांचे मालक वेगळे असू शकतात आणि मग एकीचा माल दुसरी घेत नाही.

२४० ची चिठ्ठी तीन महिने चालते. संक्रांतीला आत्यासाठी काळी साडी घ्यायची आहे, त्यात ते वळते करून घेईन. साडीला मापाची भानगड नाही, पण फॉल लावला किंवा ब्लाउजपीस कापला की दुकानदार हात वर करतो. म्हणून यंदा आत्याला साडी तशीच कोरी देणार, फॉल-पिकोचे पैसे वेगळ्या पाकिटात.