आतला पदर वाळला का? आमची वाटचाल

आमचा कारखाना म्हणजे संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घराची मागची पडवी. तीन शिलाई मशिनं, एक ओव्हरलॉक, कापड बेतायला माहेरून आणलेलं जुनं टेबल आणि माझ्यासकट पाच बायका. 2017 च्या दिवाळीनंतर आम्ही कापडी पॅड शिवायला लागलो. आधी मी परकर-ब्लाउज शिवायचे, त्यामुळे हात बसलेला होता आणि आपल्याला सगळं येतं असा गैरसमजही होता.

पहिलं पॅड दिसायला फारच सुबक होतं. वर मऊ सुती फ्लॅनेल, पोटात फ्लॅनेलचेच सहा पदर, खाली पाणी न झिरपणारं पीयूएल, म्हणजे एका बाजूने प्लॅस्टिकचा पातळ थर चिकटवलेलं पॉलिएस्टर. चहूबाजूंनी शिलाई मारून सगळं बंद, पंखांना टिचबटण. बचत गटाच्या प्रदर्शनात माल संपला. उन्हाळ्यात एकही तक्रार आली नाही. कोकणात उन्हाळ्यात कुठल्याच कपड्याबद्दल तक्रार येत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

2018 च्या ऑगस्टमध्ये, झड लागलेली असताना, पलीकडच्या वाडीतली एक गिऱ्हाईक छत्री सांभाळत आली. पडवीत बाकीच्या बायका होत्या म्हणून मला माजघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "वैनी, पॅड वापरल्यापासून मांडीच्या सांध्यात खाज सुटलीय. पाळी संपली तरी जात नाही." तिने पिशवीतून धुतलेलं पॅड काढलं. हाताला कोरडं लागत होतं, साबणाचा वासही येत होता. पण नाकाजवळ धरून दाबलं तर आतून कोंदट वास आला, पावसात बंद राहिलेल्या ट्रंकेसारखा. मी उसवणीने कडेची शिलाई सोडली. वरचा पदर कोरडा, दुसरा गार आणि चौथ्या-पाचव्या पदरावर मिरीपुडीसारखे काळे ठिपके. बुरशी. माझ्याच पॅडच्या पोटात.

तिला विचारलं, वाळत कुठे घालतेस? म्हणाली, न्हाणीच्या मागे दोरीवर, वरून साडी टाकून, कुणी बघू नये म्हणून. आणि पाळी संपली की प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्हाणीच्याच वळचणीला खोचून ठेवते. आमच्याकडच्या निम्म्या घरांत हेच चालतं, तिला काय बोलणार?

तिच्याबरोबर मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं की हे गजकर्ण आहे, बुरशीचाच आजार. पण ते केवळ पॅडमुळेच झालं असं त्यांनी म्हटलं नाही. ओलसर राहणारी जागा, घट्ट नायलॉनची चड्डी, घरात सगळ्यांना मिळून एकच टॉवेल, शिवाय नवऱ्यालाही कमरेला तेच झालेलं, असं सगळं मिळून ते वाढलं होतं. त्यात तिने तीन आठवडे मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब लावली होती, जिच्यात स्टेरॉइड होतं. अशा ट्यूबने दोन दिवस खाज थांबते, लाली उतरते आणि आतल्या आत गजकर्ण पसरत जातं. डॉक्टरांनी ती बंद करून नुसतं बुरशीवरचं औषध दिलं, नवऱ्यालाही दिलं, आणि डाग दिसेनासे झाले तरी सांगितलेले सगळे दिवस लावा असं बजावलं. बरं होईपर्यंत तिने दुकानातले एकदा वापरून टाकायचे पॅड घेतले. पाच कापडी पॅडचे पैसे मी परत दिले आणि ती पॅडं जाळली.

त्या आठवड्यात मी शिवणकाम थांबवलं आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा पडवीत आणला. कोरडं नवं पॅड 38 ग्रॅम भरलं. ते धुऊन, पिळून पडवीतल्या दोरीवर टाकलं. दोन दिवसांनी हाताला कोरडं लागलं तेव्हा काट्याने 47 दाखवले. नऊ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन चमचे पाणी आत दडलेलं. सूत हवेतला दमटपणाही ओढून घेतं, म्हणून भर पावसाळ्यात एक-दोन ग्रॅम वाढणारच. पण नऊ ग्रॅम म्हणजे हवेतला दमटपणा नव्हे. खालून प्लॅस्टिक, वरून पदरांची थप्पी, ओल जाणार कुठून?

उन्हाबद्दलही माझा समज अर्धवट होता. ऊन लागलं की जंतू मरतात एवढंच मी सांगायचे. उन्हातले अतिनील किरण काम करतात, पण ते वरच्या पदरावर. सहाव्या पदरापर्यंत ते पोचत नाहीत. तिथे ऊन उपयोगी पडतं ते ओल उडवून. वरून साडी झाकली की किरणही अडतात आणि वाराही. ओडिशातल्या रुग्णालयांत 558 बायकांची तपासणी करून केलेला एक अभ्यास 2018 मध्येच प्रसिद्ध झाला. कापड पुन्हा वापरणाऱ्या ज्या बायका ते घरात वाळवत आणि शौचालयात लपवून ठेवत, त्यांच्यात कँडिडा ही बुरशी जास्त आढळली. असल्या अभ्यासातून हेच कारण असं सिद्ध होत नाही, पण मला त्या गिऱ्हाइकाच्या न्हाणीची वळचण आठवली.

मग आम्ही पॅडच मोडून नव्याने बांधलं. आता आमचं पॅड दोन भागांत असतं. एक बाहेरची पातळ खोळ, तिला खाली पीयूएल आणि टिचबटणं. दुसरा भाग म्हणजे हातरुमालाएवढा सुती चौकोन, एकपदरी, तिघडी करून खोळीत सरकवायचा. धुताना चौकोन बाहेर काढून उलगडला की एकच पदर, त्यामुळे ओल दडायला जागा नाही. कापड निवडताना सासूबाईंनी एक सुचवलं, जे मला सुचलं नसतं. त्या म्हणाल्या, "अगं, चौकटीचं कापड घे, पंचासारखं. दोरीवर लटकलं तर कोण विचारतंय काय आहे ते?" आज आमच्या चौकोनांना निळी-तपकिरी चौकट असते आणि ते अंगणात सदऱ्यांच्या रांगेत राजरोस वाळतात.

धुण्याचं मी गिऱ्हाइकांना थोडक्यात सांगते. आधी गार पाण्यात अर्धा तास भिजवायचं. गरम पाण्याने रक्त धाग्यात बसतं. त्याच पाण्यात रात्रभर ठेवायचं नाही. मग साध्या साबणाने चोळायचं आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळायचं, कारण राहिलेल्या साबणानेही कातडी चुरचुरते. कपडे मऊ करणारं द्रावण नको, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून तसंच वाळवायची सवय बऱ्याच जणींना असते. तीही नको, नाजूक जागेला ते झोंबतं.

वाळवताना चौकोन पूर्ण उलगडून उन्हात, मध्ये एकदा उलटायचा. खोळीची सुती बाजू वर, प्लॅस्टिकची खाली. पावसाळ्यात आत दोरीवर टाकायचं झालं तर दोन चौकोनांत वीतभर अंतर आणि वर पंखा. शेवटी चौकोनावर इस्त्री. खोळीवर कधीच नाही, प्लॅस्टिक वितळतं. इस्त्रीनंतर कापड गरम असतं म्हणून कोरडं वाटतं, तिथेच फसायला होतं. आमच्याकडची एक बाई इस्त्री फिरवल्या फिरवल्या त्यावर स्टीलची थाळी पालथी ठेवते. उचलल्यावर थाळीला आतून दव धरलेलं दिसलं तर पुन्हा इस्त्री. गार झाल्यावरच घडी घालायची. ज्यांच्याकडे अजून आमची जुनी बंद पॅडं आहेत त्यांना मी स्पष्ट सांगते: ती जून ते सप्टेंबर वापरू नका.

ठेवायला आम्ही सोबत सुती पिशवी देतो. ती कपाटात, कपड्यांमध्ये ठेवायची. न्हाणीत नाही, प्लॅस्टिकमध्ये नाही. आणि डांबराच्या गोळ्यांजवळही नाही, त्यांचा वास कापडात मुरतो आणि तेच कापड अंगाला लागतं. बाळंतपणानंतर वर्ष-दीड वर्षाने पिशवी उघडणाऱ्या बायका असतात; त्यांनी आधी सगळं धुऊन, कडक वाळवून घ्यावं. न जाणारा कोंदट वास, काळे ठिपके किंवा विरलेलं कापड दिसलं की ते टाकावं. डाग राहिला म्हणून टाकायचं कारण नाही, डाग म्हणजे घाण नव्हे.

खाजेचे फोन अजूनही येतात. मी डॉक्टर नाही, पण चार प्रश्न विचारायला शिकले आहे. लाली कुठे आहे? पॅडची कड किंवा शिलाई घासते तिथेच असेल आणि पॅड काढल्यावर दोन दिवसांत उतरत असेल, तर ती बहुधा घर्षणाची, घामाची किंवा साबणाची. पॅड चार-सहा तासांनी बदलतेस का, कमी भिजलं असलं तरी? साबण बदललास का? एवढ्यावर बरेच फोन मिटतात. पण चौथ्या प्रश्नाला, म्हणजे अंगावरून काही जातंय का, याला उत्तर हो आलं तर मी पुढे बोलत नाही. दह्यासारखं पांढरं आणि प्रचंड खाज, किंवा पातळ राखाडी आणि मासळीचा वास, लघवीला जळजळ, कडेने लाल होत पसरणारा चट्टा, फोड, पाळी संपूनही न थांबणारी खाज, यांतलं काहीही असेल तर दवाखाना. ओटीपोटात दुखून ताप आला तर त्याच दिवशी. आणि जोराच्या तापाबरोबर अंगावर पुरळ, चक्कर, उलट्या असं झालं तर रात्र असली तरी थेट मोठं रुग्णालय. असं क्वचितच होतं, पण त्यात थांबून चालत नाही.

धंद्याचं म्हणाल तर नव्या पॅडला शिलाई कमी लागते आणि कापड जास्त, त्यामुळे नफा तेवढाच राहिला. काही दुकानदारांनी माल परत केला. त्यांच्या मते हे रुमालासारखं दिसतं, पॅडसारखं नाही. आता बहुतेक विक्री वाडी-वस्तीवरच्या बायका एकमेकींना सांगतात त्यावर होते. ती पलीकडच्या वाडीतली गिऱ्हाईक बरी झाल्यावर पुढच्या मे महिन्यात आली, दोन नव्या खोळी आणि आठ चौकोन घेतले, आणि पैसे द्यायच्या आधी प्रत्येक चौकोन उजेडाकडे धरून बघितला.